क्रेडिट कार्डच्या बिलाचा फोटो आला, आता हिशेब कसा लावायचा? खरेदी, शुल्क, व्याज आणि 'किमान रक्कम' यांचे गणित

साताऱ्यात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बँकेचे पाकीट आले. आत क्रेडिट कार्डचे स्टेटमेंट होते. त्यांनी ते जेवणाच्या टेबलावर पसरले, मोबाइलने दोन फोटो काढले आणि पुण्यातील मुलीला व्हॉट्सअॅपवर पाठवले. पाठोपाठ फोन केला. ''अगं, गेल्या महिन्यात मी बाराशे रुपये भरले होते ना, तेही मुदतीच्या आत! मग आता कमीत कमी चार हजार भरा, असं का लिहिलंय? काही घोळ तर नाही ना?''

घोळ नव्हता. बँकेने नियमाप्रमाणेच आकारणी केली होती. पण ती नेमकी कशाची, हे कागदावर एका ओळीत कुठेच लिहिलेले नव्हते. स्टेटमेंटमधल्या ओळी तारखेप्रमाणे येतात. किराणा, व्याज, कर, भरणा हे सगळे एकाच रांगेत बसलेले असते. त्यातून कशाचे किती झाले हे काढायचे, तर त्या ओळी वेगळ्या ढिगांत लावाव्या लागतात. हे काम फोटोवरूनही करता येते. मात्र लावलेला हिशेब बरोबर आहे की नाही, हे तपासण्याची एक कसोटी आहे आणि बहुतेक जण तीच वगळतात. हे घर आणि पुढचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण आकारणीची रीत देशातील बहुतेक कार्डांवर अशीच असते.

फोटो कसा हवा?

हिशेब चुकण्याची सुरुवात बहुधा फोटोपासूनच होते. पाकिटातून आलेल्या कागदावर तीन घड्या असतात. घडीच्या रेषेत एखादी ओळ अर्धवट दिसते. रक्कम उजव्या कडेला छापलेली असते आणि नेमकी तीच कड फोटोबाहेर राहते. त्या कडेवरच रकमेपुढे `Cr` ही दोन अक्षरे असतात. ही अक्षरे असली तर रक्कम ग्राहकाच्या खात्यात जमा झालेली असते. नसली तर ती त्याच्या नावे टाकलेली असते. म्हणजे फोटोत ती कापली गेली, तर जमेची रक्कम खर्चात जाते.

म्हणून कागद सपाट करून, खिडकीजवळच्या उजेडात, मोबाइल कागदाला समांतर धरून प्रत्येक पानाचा वेगळा फोटो काढावा. कागदाच्या चारही कडा फोटोत दिसल्या पाहिजेत. पानाच्या खाली '3 पैकी 1' असे काही छापलेले असेल, तर तेवढे फोटो आहेत ना, हे मोजावे. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो आकाराने लहान केला जातो आणि बारीक आकडे फुटतात. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला, तर जसाच्या तसा पोहोचतो. पाठवण्याआधी पत्ता, मोबाइल क्रमांक आणि कार्डाचे जे आकडे दिसत असतील ते फोटोतच झाकावेत. हिशेबाला त्यांची गरज नसते.

बँकेकडे ई-मेल नोंदवलेला असेल, तर तेच स्टेटमेंट पीडीएफमध्येही येते. ते मिळाले तर फोटोपेक्षा ते केव्हाही बरे. पण घरातल्या वडीलधाऱ्यांचा ई-मेल अनेकदा जुना असतो, पासवर्ड आठवत नसतो आणि हाती फोटोच उरतो.

आकडे फोटोतून वहीत कसे येतात?

दहा-बारा ओळी असतील तर हाताने उतरवणे सर्वांत सोपे. ओळी जास्त असतील, तर फोटोतला मजकूर ओळखून कॉपी करण्याची सोय हल्ली बहुतेक फोनमध्ये असते. अँड्रॉइडवर गुगल लेन्स आणि आयफोनच्या फोटो अॅपमध्येही ती मिळते. पण ही सोय कागदाला तक्ता म्हणून वाचेलच असे नाही. अनेकदा ती आधी सगळ्या तारखा, मग सगळी दुकाने आणि शेवटी सगळ्या रकमा अशा खाली-खाली उतरवते. मग कोणती रक्कम कोणत्या दुकानाची, हे पुन्हा फोटो पाहूनच जुळवावे लागते.

दुसरी अडचण आकड्यांची. पुसट छपाईत 3 चा 8 होतो, 1 चा 7 होतो. रुपयाचे चिन्ह काही वेळा 7 किंवा 2 असे वाचले जाते आणि 1,800 रुपयांचे 71,800 होतात. एवढी मोठी चूक लगेच दिसते. पण 2,640 चे 2,840 झाले, तर नजरेला काहीच खटकत नाही. त्यासाठीच शेवटची कसोटी लागते.

साताऱ्याच्या फोटोवरून मुलीने उतरवलेल्या ओळी अशा होत्या:

- मागील बाकी: 24,000.00
- 24 ऑगस्ट, किराणा: 2,640.00
- 30 ऑगस्ट, औषधे: 1,860.00
- 5 सप्टेंबर, भरणा: 1,200.00 (जमा)
- 6 सप्टेंबर, कपडे: 1,800.00
- 12 सप्टेंबर, एटीएममधून रोख: 4,000.00
- 12 सप्टेंबर, रोख काढण्याचे शुल्क: 500.00
- 14 सप्टेंबर, कपड्यांच्या दुकानाचे नाव: 1,800.00
- 18 सप्टेंबर, शुल्कावरील जीएसटी: 90.00
- 18 सप्टेंबर, व्याज: 1,587.30
- 18 सप्टेंबर, व्याजावरील जीएसटी: 285.71

पहिल्या पानाच्या वरच्या चौकटीत तीन गोष्टी होत्या. एकूण देय रक्कम 33,763.01, किमान देय रक्कम 4,028.01 आणि भरण्याची शेवटची तारीख 8 ऑक्टोबर. काही स्टेटमेंटवर ही तारीख 08/10 अशी छापलेली असते. आधी दिवस आणि मग महिना, हे लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही. स्टेटमेंट 18 सप्टेंबरचे आहे, म्हणजे मुदत त्याच्या पुढचीच असणार.

चार ढीग कोणते?

पहिला ढीग खरेदीचा. त्यात किराणा, औषधे, कपडे आणि एटीएममधून काढलेली रोख रक्कम येते. रोख ही खरेदी नव्हे, पण तीही मूळ उसनवारीच आहे, म्हणून ती याच ढिगात, पण वेगळी खूण करून ठेवावी. खूण कशासाठी, ते पुढे व्याजाच्या हिशेबात कळते. या चार रकमांची बेरीज 10,300 रुपये होते.

दुसरा ढीग शुल्काचा. वार्षिक शुल्क, उशिरा भरल्याचे शुल्क, मर्यादेबाहेर खर्च केल्याचे शुल्क, रोख काढण्याचे शुल्क ही सगळी यात येतात. इथे एकच शुल्क आहे, 500 रुपयांचे. चार हजार काढायला पाचशे रुपये कसे, असा प्रश्न पडतो. हे शुल्क सहसा टक्क्यांत असते, पण त्याला किमान रकमेची अट असते. छोटी रक्कम काढली की टक्केवारी बाजूला राहते आणि ती किमान रक्कमच लागू होते. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 90 रुपये. शुल्काचा ढीग 590 रुपयांचा झाला.

तिसरा ढीग व्याजाचा. स्टेटमेंटवर 'व्याज' हा शब्द असेलच असे नाही. 'फायनान्स चार्जेस' असे लिहिलेले असते आणि त्यामुळे अनेक जण ते शुल्कात टाकतात. ते व्याजच असते. कर्जाच्या व्याजावर एरवी जीएसटी लागत नाही, पण क्रेडिट कार्डच्या व्याजाला ती सवलत नाही. म्हणून 1,587.30 रुपयांवर 285.71 रुपये कर लागला आणि हा ढीग 1,873.01 रुपयांचा झाला. जीएसटीची प्रत्येक ओळ ज्या रकमेवर लागली तिच्याच ढिगात ठेवली, तर चूक कुठे आहे ते शोधणे सोपे जाते. कोणत्या ओळीचा कर हे कळत नसेल, तर त्या रकमेला 0.18 ने भागावे. 90 भागिले 0.18 बरोबर 500, म्हणजे हा कर रोखीच्या शुल्कावरचा.

चौथा ढीग देण्याचा. त्यात मागील बाकी, मधल्या काळात भरलेली रक्कम, एकूण देय रक्कम आणि किमान रक्कम येते. इथे एक चूक हमखास होते. किमान रक्कम वेगळी मानून एकूण रकमेत मिळवली जाते. 4,028.01 रुपये हे 33,763.01 रुपयांच्या पोटातलेच आहेत, त्यांच्यावर वेगळे काही नाही.

बेरीज जुळली नाही तर?

कसोटी साधी आहे. मागील बाकी घ्यावी, तिच्यात सगळ्या नावे रकमा मिळवाव्यात, सगळ्या जमा रकमा वजा कराव्यात. उत्तर एकूण देय रकमेइतके यायला हवे, पैशापर्यंत. काही बँका एकूण रक्कम पूर्ण रुपयांत छापतात, तिथे एक रुपयाच्या आतला फरक चालतो. त्याहून जास्त फरक असेल, तर फोटो चुकीचा वाचला गेला आहे किंवा एखादी ओळ सुटली आहे.

मोबाइलवरच्या गुगल शीट्समध्ये हे चार रकान्यांत करता येते. तारीख, तपशील, रक्कम आणि ढिगाचे नाव. जमा रकमेपुढे वजाचे चिन्ह टाकायचे. मग पहिले सूत्र सगळ्यांची बेरीज देते आणि दुसरे एका ढिगाची:

```
=SUM(C2:C12)
=SUMIF(D2:D12,"व्याज",C2:C12)
```

मुलीने बेरीज केली तेव्हा उत्तर आले 37,363.01. स्टेटमेंटवर होते 33,763.01. फरक 3,600 रुपयांचा. एवढ्या रकमेची एकही ओळ नव्हती. इथे जुन्या हिशेबनिसांची एक युक्ती उपयोगी पडते. फरकाचे निम्मे करून पाहायचे. 3,600 चे निम्मे 1,800, आणि 1,800 ची ओळ यादीत दोनदा आहे. जमा रक्कम चुकून खर्चात धरली, की फरक तिच्या दुप्पट येतो. कारण ती वजा व्हायला हवी होती, ती उलट मिळवली जाते.

''बाबा, सहा तारखेला कपडे घेतलेत, ते परत केले होते का?''

''हो, सदरा मापात बसला नाही म्हणून परत दिला. पैसे कार्डावर जमा करतो म्हणाला दुकानदार.''

14 सप्टेंबरची ओळ त्या परताव्याचीच होती. तिच्यापुढचे `Cr` कागदाच्या घडीत गेले होते. ती रक्कम वजा केल्यावर बेरीज 33,763.01 वर आली आणि हिशेब बसला.

फरकावरून चूक ओळखण्याच्या अशा आणखी तीन खुणा आहेत. फरक एखाद्या ओळीइतकाच असेल, तर ती ओळ सुटली आहे किंवा दोनदा धरली आहे. फरक यादीतल्या कोणत्याच ओळीशी जुळत नसेल, तर पान राहिल्याची शक्यता मोठी. आणि फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल, तर बहुधा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले आहेत. 1,860 च्या जागी 1,680 लिहिले गेले, तर फरक 180 येतो आणि त्याला 9 ने भाग जातो.

या कसोटीला एक मर्यादा आहे. बेरीज जुळली म्हणजे फोटो बरोबर वाचला गेला, एवढेच सिद्ध होते. प्रत्येक खरेदी घरातल्यांनीच केली आहे, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी पहिल्या ढिगातली एकेक ओळ ज्याचे कार्ड आहे त्याला वाचून दाखवावी लागते. दुकानाच्या पाटीवरचे नाव आणि स्टेटमेंटवरचे नाव अनेकदा वेगळे असते, कारण बिलावर कंपनीचे नोंदणीकृत नाव येते. म्हणून अनोळखी नाव दिसताच घाबरण्याआधी तारीख आणि रक्कम आठवून पाहावी.

1,587 रुपये व्याज आले कुठून?

शिक्षकांचा खरा प्रश्न हाच होता. ऑगस्टच्या स्टेटमेंटवर 24,000 रुपये देय होते. ते 29 जुलैला घेतलेल्या फ्रिजचे होते. किमान रक्कम 1,200 लिहिली होती, मुदत 7 सप्टेंबरची होती आणि त्यांनी 5 सप्टेंबरला 1,200 रुपये भरले. उशीर झाला नाही, त्यामुळे उशिराचे शुल्क लागले नाही. किमान रक्कम वेळेत भरल्याने मिळते ते एवढेच. खाते थकीत धरले जात नाही.

व्याज मात्र त्यामुळे थांबत नाही. कार्डावर खरेदीला जे बिनव्याजी दिवस मिळतात, ते आधीचे बिल पूर्ण भरले तरच. एक रुपया जरी बाकी ठेवला, तरी ती सवलत जाते आणि व्याज मुदतीच्या तारखेपासून नव्हे, तर खरेदीच्या दिवसापासून मोजले जाते. रोख रकमेला तर ही सवलत कधीच नसते. ती काढल्या दिवसापासून व्याज सुरू होते. पहिल्या ढिगात तिला वेगळी खूण करायची ती याचसाठी.

या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के आहे. दर स्टेटमेंटच्या मागच्या पानावर छापलेला असतो. हिशेब दिवसांवर होतो. रक्कम गुणिले वार्षिक दर, भागिले 365, गुणिले दिवस. फ्रिजचे 24,000 रुपये 29 जुलैपासून 4 सप्टेंबरपर्यंत, म्हणजे 38 दिवस पूर्ण बाकी होते:

```
=24000*42%/365*38
```

उत्तर 1,049.42 रुपये. 5 सप्टेंबरला 1,200 भरल्यावर बाकी 22,800 राहिली. ती 18 सप्टेंबरपर्यंत 14 दिवस राहिली, त्याचे 367.30 रुपये. एकट्या फ्रिजवर 1,416.72 रुपये व्याज झाले. म्हणजे भरलेल्या 1,200 रुपयांपेक्षा जास्त.

उरलेले व्याज नव्या खरेदीचे. किराण्यावर 26 दिवसांचे 78.98, औषधांवर 20 दिवसांचे 42.81, रोख रकमेवर 7 दिवसांचे 32.22. परत केलेल्या कपड्यांवरही परतावा जमा होईपर्यंतच्या 8 दिवसांचे 16.57 रुपये लागले. सगळे मिळून 1,587.30. स्टेटमेंटवरचा आकडा तोच आहे. असा पडताळा घेताना पहिला आणि शेवटचा दिवस धरण्याच्या पद्धतीमुळे पाच-पंचवीस रुपयांचा फरक येऊ शकतो. शेकड्यांत फरक आला, तरच बँकेला विचारणा करावी.

दर इतका चढा कसा, यावर बराच काळ वाद होता. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांहून जास्त व्याज अनुचित ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो आदेश रद्द केला. त्यामुळे दरावर ती कमाल मर्यादा आता नाही.

बाराशेचे चार हजार कसे झाले?

किमान रकमेचे सूत्र प्रत्येक बँकेचे थोडे वेगळे असते. या उदाहरणात मूळ उसनवारीचे पाच टक्के, अधिक त्या महिन्याचे सगळे शुल्क, व्याज आणि कर, असे ते आहे. ऑगस्टमध्ये शुल्क आणि व्याज नव्हतेच. म्हणून 24,000 चे पाच टक्के, म्हणजे 1,200 एवढीच किमान रक्कम होती.

सप्टेंबरमध्ये मूळ उसनवारी झाली 31,300. त्यात फ्रिजचे उरलेले 22,800 आहेत आणि परतावा वजा जाता नवे 8,500. पाच टक्के होतात 1,565. त्यात शुल्काचा ढीग 590 आणि व्याजाचा ढीग 1,873.01 मिळवले, की 4,028.01 येतात. शिक्षकांना खटकलेला आकडा हाच.

शुल्क आणि व्याज किमान रकमेत पूर्ण धरण्यामागे कारण आहे. किमान रक्कम भरूनही कर्ज वाढतच जाईल, असे होऊ नये, म्हणून रिझर्व्ह बँकेने 2022 च्या निर्देशांत बँकांना तशी अट घातली. न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावू नये, असेही त्यात आहे. किमान रक्कमच भरत राहिल्यास फेड महिनोन् महिने लांबते, हा इशाराही त्यामुळेच स्टेटमेंटवर छापलेला असतो.

तरीही 4,028 रुपयांतून मुद्दल फिटते ते 1,565 रुपयांचेच. उरलेले 2,463 रुपये शुल्क, व्याज आणि करात जातात. शिक्षकांनी 8 ऑक्टोबरला एवढीच रक्कम भरली आणि नवी खरेदी अजिबात केली नाही, तरी पुढच्या स्टेटमेंटवर व्याज आणि कर मिळून सुमारे 1,250 रुपये लागतील.

पूर्ण भरले तरी पुढच्या महिन्यात व्याज?

मुलीने वडिलांना पूर्ण 33,763.01 रुपये भरायला सांगितले. मुदतीची वाट न पाहता, शक्य तितक्या लवकर. कारण व्याज दररोज चढत असते. 31,300 रुपयांवर ते दिवसाला सुमारे 36 रुपये होते. त्यांनी 28 सप्टेंबरला रक्कम भरली, तर 19 ते 27 सप्टेंबर या नऊ दिवसांचे सुमारे 324 रुपये आणि त्यावरचा कर पुढच्या स्टेटमेंटवर येईल. स्टेटमेंट 18 तारखेला निघाले, त्यानंतरच्या दिवसांचे व्याज त्यात धरलेलेच नसते.

सगळे भरूनही पुन्हा व्याज दिसले, की अनेकांना ती फसवणूक वाटते. ते आधीच्या बाकीचे शेपूट असते. ती छोटी रक्कमही पूर्ण भरली, की बिनव्याजी दिवस परत मिळतात. ती 'किरकोळ आहे' म्हणून सोडली, तर बिल पूर्ण भरले नाही असेच धरले जाते आणि नव्या खरेदीवर व्याजाचे चक्र पुन्हा सुरू होते. तोवर कार्डावर नवी खरेदी टाळलेली बरी.

एकदम एवढे पैसे नसतील, तरी किमान रकमेवर थांबण्याचे कारण नाही. किमान आणि एकूण यांच्या मधली कोणतीही रक्कम भरता येते आणि जास्तीचे भरलेले मुद्दलातून कमी होते. अॅपमध्ये पैसे भरताना किमान रकमेचा आणि एकूण रकमेचा असे दोन ठळक पर्याय समोर येतात. स्वतःची रक्कम लिहिण्याची जागा बहुधा त्यांच्या खाली असते.

मुदत चुकली किंवा ओळ ओळखीची नसेल तर?

मुदतीनंतर तीन दिवसांपर्यंत रक्कम भरली गेली, तर उशिराचे शुल्क लावता येत नाही आणि खाते थकीत म्हणून पतमापन संस्थांना कळवता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश सांगतात. ही सवलत शुल्कापुरती आहे. बिनव्याजी दिवस टिकवायचे असतील, तर मुदतीच्या तारखेवरच भिस्त ठेवावी. आणि उशिराचे शुल्क लागले, तर ते मुदतीनंतर बाकी राहिलेल्या रकमेवरच आकारले आहे ना, हे दुसऱ्या ढिगात तपासावे. संपूर्ण बिलावर ते लावता येत नाही.

पहिल्या ढिगातली एखादी खरेदी कुणालाच आठवत नसेल, तर कार्ड लगेच ब्लॉक करून बँकेकडे लेखी तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक घ्यावा. ग्राहकाने फसवणुकीची तक्रार केलेल्या व्यवहारावर तिचा निकाल लागेपर्यंत आकार लावू नये, असा नियम आहे. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. तिथे स्टेटमेंटची प्रत जोडावी लागते. त्यासाठी मूळ कागद आणि सगळ्या पानांचे फोटो सांभाळून ठेवावेत.

साताऱ्याच्या शिक्षकांनी पूर्ण रक्कम भरायचे ठरवले. मात्र एक गोष्ट त्यांना अजूनही पटत नव्हती. ''मापात न बसलेल्या सदऱ्यावर पण साडेसोळा रुपये व्याज?'' मुलगी म्हणाली, ''हो बाबा. गेल्या महिन्याचं बिल पूर्ण भरलं असतं, तर तेही लागलं नसतं.''